एलडीएल उणे सहा

लॅबमध्ये रक्ताची नळी सेंट्रिफ्यूजमधून फिरवून काढली की पेशी तळाशी बसतात आणि वर सीरम उरतं. ते फिकट पिवळं, आरपार दिसणारं असतं. नळीमागे छापील कागद धरला तर अक्षरं वाचता येतात. अधूनमधून मात्र एखाद्या नळीतलं सीरम दुधाळ निघतं, आणि मशीनला नमुना लावण्याआधीच टेक्निशियनला कळतं की या माणसाचं ट्रायग्लिसराइड भरमसाट येणार. जुन्या पद्धतीत अशी नळी रात्रभर फ्रिजमध्ये उभी ठेवत. सकाळी वर पांढरा थर जमून खालचं सीरम स्वच्छ झालं असेल, तर ती चरबी आतड्यातून आलेली. थर न जमता सगळंच गढूळ राहिलं, तर ती यकृतातून आलेली. थरही आहे आणि खाली गढूळपणाही आहे, तर दोन्हीकडून. आज ही परीक्षा फारसं कुणी करत नाही, पण ट्रायग्लिसराइडचा सगळा मामला तिच्यात दिसतो.

आपण खातो ते तेल, तूप, लोणी, शेंगदाण्यातला स्निग्धांश हे रासायनिकदृष्ट्या बहुतांश ट्रायग्लिसराइडच. जेवणानंतर आतडं ते शोषून घेतं, त्याचे मोठमोठे कण बनवतं आणि रक्तात सोडतं. हे कायलोमायक्रॉन. दुसरीकडे यकृत स्वतःच ट्रायग्लिसराइड तयार करतं आणि व्हीएलडीएल नावाच्या लहान कणांतून रक्तात पाठवतं. आपण उपाशी असलो तरी हे काम चालूच असतं, म्हणून उपाशीपोटी केलेल्या तपासणीतही ट्रायग्लिसराइड शून्य येत नाही. दोन्हीकडचा माल उतरवून घेण्याची जागा मात्र एकच. स्नायू आणि चरबीच्या पेशींजवळच्या केशवाहिन्यांच्या आतल्या बाजूला लायपोप्रोटीन लायपेज नावाचं एन्झाइम असतं. ते या कणांमधली चरबी फोडतं आणि पेशींच्या हवाली करतं.

एन्झाइमची क्षमता ठरलेली असते. ट्रायग्लिसराइड साधारण ५०० ते १००० मिलिग्रॅमच्या पट्ट्यात पोचलं की ही क्षमता संपत येते. एकच टोलनाका आहे आणि दोन महामार्गांवरच्या गाड्या त्यावर येताहेत, तसं समजा. रांग लहान असेल तोवर दहा गाड्या वाढल्या तरी फरक पडत नाही. नाका भरला, की पुढची प्रत्येक गाडी रांगेतच उभी राहते. म्हणून १२० चा आकडा जेवणानंतर १५० होतो, पण ७०० चा आकडा एका लग्नाच्या पंगतीत हजारापार जाऊ शकतो.

आकडे एकदा सांगून टाकतो. एक डेसिलिटर रक्तात १५० मिलिग्रॅमच्या खाली ठीक, १५० ते १९९ काठावर, २०० ते ४९९ जास्त आणि ५०० किंवा त्यावर अतिजास्त. हजाराच्या वर गेलं की मुख्य काळजी हृदयाची उरत नाही, स्वादुपिंडाची होते. ते का, ते पुढे येईलच.

एक उदाहरण कल्पू. पुण्यातल्या एका कंपनीत काम करणारे चव्वेचाळीस वर्षांचे गृहस्थ, पोट थोडं सुटलेलं, तक्रार काही नाही. ऑफिसची वार्षिक तपासणी सोमवारी सकाळी. शनिवारी मित्राकडे बैठक, रविवारी लग्न, रात्री पुन्हा थोडी बैठक. जेवण साडेअकराला, रक्त दिलं आठ वाजता. रिपोर्टात एकूण कोलेस्टेरॉल २६२, एचडीएल ३२, ट्रायग्लिसराइड ११८०. एलडीएलच्या रकान्यात आकडाच नाही.

एलडीएल गायब होण्याचं कारण साधं आहे. बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, हिशेबाने काढतात. फ्रीडवाल्ड आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये मांडलेलं सूत्र असं, की ट्रायग्लिसराइडला पाचाने भागा, म्हणजे व्हीएलडीएल मिळेल. एकूण कोलेस्टेरॉलमधून ते आणि एचडीएल वजा करा, उरलं ते एलडीएल. आपल्या गृहस्थांचं गणित करून बघू. ११८० भागिले पाच, २३६. आता २६२ वजा ३२ वजा २३६. उत्तर उणे सहा. रक्तात उणे सहा एलडीएल असलेला माणूस जगात नाही. पाचाने भागण्याचा नियम व्हीएलडीएल कणांच्या नेहमीच्या घडणीवर बेतलेला आहे. कायलोमायक्रॉनमध्ये कोलेस्टेरॉलच्या मानाने ट्रायग्लिसराइड कितीतरी जास्त असतं, त्यामुळे ते रक्तात भरलेले असताना हिशेब फसतो. म्हणून ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे सूत्र वापरू नये असा संकेत आहे. फसवणूक उणे आकड्यात होते तेव्हा ती लगेच दिसते. खरी पंचाईत सूत्रातून ६० किंवा ७० असा गोंडस आकडा येतो तेव्हा होते. माणूस खूष होतो, की ट्रायग्लिसराइड वाढलंय खरं, पण वाईट कोलेस्टेरॉल तर छान आहे! अशा वेळी लॅबला ‘डायरेक्ट एलडीएल’ करायला सांगावं, किंवा एकूणातून फक्त एचडीएल वजा करून जो आकडा येतो त्याच्याकडे बघावं. इथे तो २३० आहे आणि तो अजिबात छान नाही.

रिपोर्ट बघून गृहस्थ म्हणणार, “अहो, लग्नाचं जेवण होतं, रात्री उशीर झाला, म्हणून वाढलं असेल.” यात निम्मं खरं आहे, आणि ते कोणतं निम्मं हे वेगळं काढता आलं पाहिजे.

आधी उपासाचं बघू. भरपूर तेलातुपाचं जेवण झाल्यावर ट्रायग्लिसराइड चढायला लागतं, तीन-चार तासांनी शिखरावर असतं आणि निरोगी माणसात रात्रीतून ओसरतं. नऊ ते बारा तास उपाशी राहायला सांगतात ते यासाठी. पण ही चढण आपल्याला वाटते तेवढी उंच नसते. २०१६ साली युरोपातल्या तज्ज्ञांच्या दोन संघटनांनी एकत्र येऊन सांगितलं, की नेहमीच्या जेवणानंतर ट्रायग्लिसराइड सरासरी २५-३० मिलिग्रॅमनेच वाढतं, तेव्हा नेहमीच्या लिपिड तपासणीसाठी उपाशी राहण्याची सक्ती नको. जेवून केलेल्या तपासणीत आकडा ४४० च्या वर आला, तरच उपाशीपोटी पुन्हा करा. लग्नाचं जेवण नेहमीचं नसतं हे मान्य. तरीही ज्याचा नाका मोकळा आहे, त्याला एका पंगतीने ११८० होत नाही. आकडा हजारावर गेला याचा अर्थच असा, की जेवणाच्या आधीपासून रांग लागलेली होती. “जेवलो होतो म्हणून” हे स्पष्टीकरण २२० ला चालतं, ११८० ला चालत नाही.

उलटही होतं. नाका तुंबलेला असेल तर बारा तासांत कायलोमायक्रॉन संपत नाहीत, उपाशीपोटीही सीरम दुधाळ राहतं. साडेअकरा ते आठ म्हणजे साडेआठच तास झाले होते, हे खरं. पण आणखी साडेतीन तास थांबून त्या सकाळी आकडा फार खाली आला असता, असं नाही.

उपाशीपोटी म्हणजे पाणी चालतं, एवढंच. दूध-साखरेचा चहा चालत नाही, आणि चतुर्थी धरलेल्यांनी हे मुद्दाम ऐकावं: साबुदाण्याची खिचडी तर मुळीच नाही. त्यात स्टार्च, शेंगदाण्याचं कूट आणि तूप तिन्ही आहेत. लॅबमध्ये “उपाशी आहात ना?” विचारल्यावर “हो, आज उपासच आहे” असं उत्तर मनापासून येतं, आणि टेक्निशियन पुढे विचारत नाही. आदल्या दिवसापासून काहीच न खाता येण्यातही शहाणपण नाही. रोजच्यासारखं हलकं जेवण आणि मग बारा तास, एवढं पुरतं.

आता दारू. तिचा हिशेब तासांचा नसतो, दिवसांचा असतो. शरीराला अल्कोहोल साठवता येत नाही, त्यामुळे ते आलं की यकृत बाकीची कामं बाजूला सारून आधी ते जाळतं. एरवी जी चरबी तिथे जळली असती ती जळायची राहते, तिचं ट्रायग्लिसराइड बनतं आणि व्हीएलडीएलमधून रक्तात येतं. प्रमाणाचा अंदाज असावा. आपल्याकडची व्हिस्की साधारण ४२.८ टक्क्यांची असते, म्हणजे ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्ये २० ग्रॅम अल्कोहोल. ६५० मिलिलिटरची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअरची बाटली म्हणजे ४० ग्रॅम, दोन मोठे पेग झाले. “मी फक्त बिअर घेतो” म्हणणाऱ्यांनी हे गणित करून बघावं. यकृत तासाला ढोबळमानाने सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल निपटतं, तेव्हा तीन पेगांसाठी सहा ते आठ तास ते त्यातच गुंतलेलं असतं. नेमक्या त्याच तासांत खारे शेंगदाणे, तळलेलं चिकन आणि नंतरची बिर्याणी आतड्यातून येत असते. चरबी आणि दारू एकत्र पोटात गेली, की जेवणानंतरची चढण नुसत्या जेवणापेक्षा मोठी होते आणि जास्त वेळ टिकते. चखणा ही संस्था ट्रायग्लिसराइड वाढवण्यासाठीच कुणी शोधली असावी अशी शंका येते.

सगळ्यांना सारखा फटका बसत नाही. सडसडीत माणसाने एखादा पेग घेतला तर दुसऱ्या सकाळच्या आकड्यात फारसं काही दिसत नाही. ज्याचं वजन जास्त, साखर बिघडलेली किंवा घराण्यातच ट्रायग्लिसराइड चढं, त्याच्यात तेवढीच दारू आकडा कितीतरी पट उडवते. म्हणून “माझा मित्र माझ्याबरोबरच पितो, त्याचा रिपोर्ट नॉर्मल” याला काही अर्थ नाही. तपासणीआधी किमान एक दिवस, आणि आकडा आधीच चढा असेल तर तीन-चार दिवस दारू नको. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र हे डॉक्टरांना विचारून करावं. अशा माणसाने एकाएकी बंद केली, तर दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, भ्रम होणं, फिट येणं असे जिवावरचे प्रकार होऊ शकतात.

साखरेची मुदत आणखी लांब, आठवड्यांची. आदल्या रात्री बासुंदी खाल्ली म्हणून सकाळी ट्रायग्लिसराइड खूप वाढतं असं नाही. बासुंदीतलं दूध त्याला जास्त जबाबदार असेल. पण रोजची साखर यकृताची सवयच बदलते. साखरेचा रेणू म्हणजे अर्धा ग्लुकोज, अर्धा फ्रुक्टोज. ग्लुकोज सगळ्या शरीरात वापरला जातो. फ्रुक्टोजचा मोठा वाटा यकृताकडे जातो, आणि तिथे ग्लुकोजला जो अटकाव असतो तो याला नसतो. गरजेपेक्षा जास्त आला की यकृत त्याची चरबी करतं. काही साठवतं, काही व्हीएलडीएलमधून पाठवतं. म्हणूनच तेलाचा थेंब न खाणाऱ्याचंही ट्रायग्लिसराइड वाढलेलं सापडतं. चहा दिवसातून चार कप, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे जवळपास ४० ग्रॅम साखर. त्यात ३०० मिलिलिटरचं थंड पेय घातलं तर आणखी ३० ग्रॅमच्या पुढे. उसाच्या रसाचा ग्लासही तेवढ्याच घरातला. गुळाला आपल्याकडे फार मान आहे, पण यकृताच्या दृष्टीने गूळ ही मुख्यतः साखरच आहे. फळांच्या रसाचं तेच; अख्खं संत्रं खाणं आणि चार संत्र्यांचा गाळलेला रस पिणं, या दोन वेगळ्या गोष्टी.

यात इन्सुलिनही येतं. ते नीट काम करत नसेल तर चरबीच्या पेशी सतत चरबी सोडत राहतात, ती यकृतात जाऊन व्हीएलडीएल वाढवते, आणि नाक्यावरचं एन्झाइमही मंदावतं. आवक वाढली, निचरा घटला. म्हणून अचानक सापडलेल्या भरमसाट ट्रायग्लिसराइडमागे निदान न झालेला मधुमेह वारंवार निघतो.

आता आपल्या गृहस्थांकडे परत येऊ. डॉक्टरांनी त्यांना विचारलं, पोटात दुखतंय का? वरच्या भागात, पाठीकडे जाणारं, उलट्यांसह? नाही म्हणाले. हे आधी विचारावं लागतं. स्वादुपिंडाच्या बारीक वाहिन्यांत एवढी चरबी फिरत असली, की तिथली पाचकद्रव्यं ती फोडतात, सुट्या फॅटी अ‍ॅसिडमुळे पेशी जळतात आणि पॅनक्रियाटायटिस होतो. हजाराच्या वर आकडा आणि असं दुखणं, म्हणजे थेट हॉस्पिटल. तिथेही एक मेख आहे. दुधाळ रक्तात अमायलेजची तपासणी खोटी नॉर्मल येऊ शकते, आणि ट्रायग्लिसराइड काही हजारांत असेल तर सोडियमही असल्यापेक्षा कमी दिसतं. डॉक्टरांना सीरम दुधाळ असल्याचं लॅबने कळवलं नाही, तर ते भलत्याच मागावर जातात. कोपरांवर, पाठीवर, कुल्ल्यांवर पिवळसर बारीक पुटकुळ्यांचं पीक आलेलं दिसलं, तर तीही याच चरबीची.

गृहस्थांना लक्षण काहीच नव्हतं, तेव्हा पुन्हा तपासणी ठरली. चार दिवस दारू बंद, घरचं कमी तेलाचं जेवण, बारा तास उपाशी. आकडा आला ६४०. म्हणजे त्या सोमवारच्या ११८० पैकी पाचशेच्या वर शनिवार-रविवारची करणी होती. उरलेले ६४० त्यांचे स्वतःचे, रोजचे. (ट्रायग्लिसराइड एका माणसात दिवसागणिक वीसेक टक्के इकडेतिकडे होतंच, त्यामुळे ६४० आणि ६९० यांत भेद करत बसू नये.) इथे थांबून “निम्मं झालं की!” म्हणणारे पुष्कळ. सोबत केलेल्या तपासण्यांत उपाशीपोटी साखर १७२, एचबीएवनसी ८.४. मधुमेह. थायरॉइड, किडनी, लघवीतली प्रथिनं ठीक. कोणती औषधं चालू आहेत तेही विचारलं गेलं. स्टेरॉइड, इस्ट्रोजेनच्या गोळ्या, काही मानसिक आजारांवरची औषधं आणि मुरमांवरचं आयसोट्रेटिनॉइन आकडा वाढवू शकतात.

काहीजण तपासणी जवळ आली की आठवडाभर कडक पथ्य पाळतात आणि मग रिपोर्ट मिरवतात. तो रिपोर्ट त्या आठवड्याचा असतो. डॉक्टरांना खरं तर दोन्ही आकडे हवेत, पथ्यातला आणि रोजच्या जगण्यातला, पण कोणता कुठला हे सांगितलेलं हवं.

उपचारात लोकांना सर्वांत चकवणारी गोष्ट तेलाची. आकडा हजाराच्या वर असतो तेव्हा चांगलं तेल आणि वाईट तेल हा भेद काही काळ गुंडाळून ठेवावा लागतो. ऑलिव्ह असो, जवस असो, घाणीचं शेंगदाणा तेल असो, त्याचे कायलोमायक्रॉनच होणार आणि भरलेल्या नाक्यावर उभे राहणार. दिवसभराची एकूण चरबी २०-३० ग्रॅमवर आणायची, म्हणजे फोडणीला चमचाभर तेल, आणि शेंगदाणे, खोबरं, साय बंद. हे केलं की आकडा काही दिवसांतच भराभर उतरतो. पाचशेच्या खाली आल्यावर तेलाचा जाच सैल करता येतो आणि साखर, मैदा, दारू, वजन यांच्याकडे खरा मोर्चा वळतो. औषधांत फेनोफायब्रेट नेहमीचं. माशाच्या तेलाच्या दुकानी कॅप्सूलबद्दल एवढंच: ट्रायग्लिसराइडसाठी ओमेगा-३ ची मात्रा दिवसाला ४ ग्रॅम असते आणि साध्या हजार मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ते बहुधा ३०० मिलिग्रॅमच भरतं. रोज एक घेणाऱ्याचा आकडा का हलत नाही, ते यावरून कळावं.

गृहस्थांना मधुमेहाच्या गोळ्या आणि फेनोफायब्रेट सुरू झालं, दारू थांबली, चहातली साखर गेली. आठ आठवड्यांनी ट्रायग्लिसराइड २३०, एकूण कोलेस्टेरॉल १९०, एचडीएल ३७. आता सूत्र पुन्हा चालतं: २३० भागिले पाच ४६, आणि १९० वजा ३७ वजा ४६ म्हणजे एलडीएल १०७. मधुमेह असलेल्या चाळिशीपुढच्या माणसाला हे जास्तच, तेव्हा स्टॅटिनची चर्चा इथून सुरू झाली. डॉक्टरांनी आणखी एक काम सांगितलं. ट्रायग्लिसराइडची ओढ बऱ्याचदा घराण्यातून येते आणि मधुमेह किंवा दारू तिला फक्त उघड्यावर आणते, म्हणून त्यांच्या दोन्ही भावांनी आणि बहिणीने एकदा लिपिड प्रोफाइल करून घ्यावी. मोठ्या भावाचा आकडा ४१० निघाला. तो पीत नाही, फक्त रोज संध्याकाळी उसाचा रस घेतो.